टीव्हीच्या लक्षात राहिलेलं जुनं वाय-फाय

घरातले सगळे फोन वाय-फायवर सुरळीत चालतात, लॅपटॉपही चालतो, आणि भिंतीवरचा टीव्ही तेवढा ‘नेटवर्कशी जोडता येत नाही’ म्हणून हटून बसतो. अशा वेळी घरात निकाल लागायला वेळ लागत नाही. नेट तर चालू आहे, म्हणजे टीव्हीच बिघडला. मग दुरुस्तीवाल्याला फोन जातो, तो बोर्ड बदलावा लागेल असं सांगतो, आणि सात-आठ वर्षांच्या टीव्हीवर एवढा खर्च कशाला म्हणून नव्या टीव्हीची चौकशी सुरू होते. बहुतेक घरांत या सगळ्याची काही गरज नसते. टीव्हीचा रेडिओ धड असतो, राउटरही धड असतो. टीव्हीने कधीतरी जपून ठेवलेली माहिती आणि आजचं नेटवर्क यांचा मेळ तेवढा बसत नसतो.

फोन आणि टीव्ही यांत इथे मोठा फरक आहे. फोन दिवसभर घर, ऑफिस, हॉटेल, मित्राचं घर अशा नेटवर्कांवर ये-जा करतो, दर काही महिन्यांनी त्याची प्रणाली अद्ययावत होते, काही अडलं तर आपण दोन मिनिटांत सेटिंगमध्ये जाऊन बघतो. टीव्हीचं तसं नाही. तो ज्या दिवशी भिंतीवर लागला त्या दिवशी कोणीतरी रिमोटने एकेक अक्षर निवडून पासवर्ड घातला, आणि त्यानंतर त्याच्या नेटवर्क सेटिंगचं पान कोणी उघडलं नाही. त्या दिवसाच्या तीन गोष्टी त्याच्याकडे साठलेल्या असतात: पासवर्ड, सुरक्षेची पद्धत, आणि कधीकधी डीएनएसचा आकडा. तिन्ही गोष्टी एकाच वेळी जुन्या झालेल्या मी डोंबिवलीत शेजारच्या घरात पाहिल्या. तेच उदाहरण घेऊ, कारण एकामागून एक सगळी अडचण त्यात सापडते.

शेजारच्या काकांनी जुन्या केबलवाल्याचं इंटरनेट सोडून फायबर घेतलं. नवा राउटर बसवायला आलेला मुलगा हुशार होता. घरात सगळ्यांना पुन्हा पासवर्ड घालत बसायला नको म्हणून त्याने वाय-फायचं नाव जुनंच ठेवलं, `GHAR`, आणि पासवर्डही काकूंनी सांगितला तोच दिला. फोन आपोआप जोडले गेले. मुलगा सही घेऊन गेला. रात्री टीव्ही लावला तर पडद्यावर आलं: पासवर्ड तपासून पुन्हा प्रयत्न करा. काकूंनी पुन्हा घातला. पुन्हा तेच. काका म्हणाले, “अगं, तोच पासवर्ड फोनला चालतो ना? मग ह्याला काय धाड भरलीये?”

टीव्ही ‘पासवर्ड चुकीचा’ म्हणतो तेव्हा तो खरं तर अंदाज करत असतो, हे आधी लक्षात घेतलं पाहिजे. वाय-फायमध्ये पासवर्ड हवेतून कधी पाठवलाच जात नाही. आज घरोघरी असलेल्या WPA2 पद्धतीत राउटर आणि टीव्ही दोघंही आपापल्या जागी पासवर्ड आणि नेटवर्कचं नाव एकत्र करून, त्यावर तीच गणिती प्रक्रिया ४०९६ वेळा करून, एक लांबलचक किल्ली तयार करतात. मग एकमेकांना नुसते यादृच्छिक आकडे पाठवतात आणि त्या आकड्यांवर आपल्या किल्लीची मोहोर उठवून दाखवतात. मोहोर जुळली तर दार उघडतं. नाही जुळली तर राउटर सहसा काही बोलत नाही, नुसता गप्प बसतो. थोडा वेळ वाट पाहून टीव्ही ठरवतो की पासवर्ड चुकला असावा. पासवर्ड बरोबर असूनही दुसऱ्याच कशामुळे बोलणी फिसकटली, तरी बरेच टीव्ही हाच संदेश दाखवतात. पडद्यावरच्या वाक्यावर म्हणून फार विसंबू नये.

पासवर्डात नेटवर्कचं नावही मिसळलेलं असतं, त्यामुळे नाव बदललं की तोच पासवर्ड असूनही किल्ली वेगळी होते. नाव तेच ठेवलं की उलटी पंचाईत होते. टीव्हीला `GHAR` दिसतं, हे आपलं ओळखीचं नेटवर्क असं तो धरून चालतो आणि साठवलेली जुनी माहिती घेऊन जोडायला जातो. दारावरची पाटी तीच आणि आतलं कुलूप बदललेलं, असा प्रकार. त्यातून काही टीव्हींमध्ये नवा पासवर्ड घातला तरी जुनी नोंद पुरती पुसली जात नाही. म्हणून पहिलं काम पासवर्ड पुन्हा घालण्याचं नाही, ती नोंद काढून टाकण्याचं आहे. नेटवर्कच्या यादीत त्या नावावर जाऊन ‘फर्गेट नेटवर्क’ किंवा ‘नेटवर्क काढून टाका’ निवडायचं, टीव्ही प्लगपासून काढून मिनिटभर बंद ठेवायचा, आणि मग नव्याने शोधायला लावायचं. रिमोटने टीव्ही बंद करणं पुरत नाही. त्याने तो फक्त डुलकी घेतो.

पासवर्ड खरोखर कोणता आहे, हेही एकदा ताडून पाहावं. घरात जो पासवर्ड सांगितला जातो तो तोंडी परंपरेने चालत आलेला असतो. आजकाल फोन एकमेकांच्या क्यूआर कोडने जोडले जातात, त्यामुळे खरा पासवर्ड कोणी टाइप केलेलाच नसतो. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये वाय-फायच्या नावावर जाऊन ‘शेअर’ केलं की क्यूआर कोडखाली पासवर्ड अक्षरांत दिसतो. आयफोनवर आयओएस १६ पासून तो सेटिंगमध्येच पाहता येतो. तो कागदावर उतरवून घ्यावा आणि टीव्हीवर घालताना ‘पासवर्ड दाखवा’ ही खूण चालू ठेवावी. मोठा `I`, लहान `l` आणि `1` यांतला गोंधळ, शून्य आणि `O` यांचा गोंधळ, किंवा शेवटी नकळत पडलेली मोकळी जागा, यांत संध्याकाळ जाते. काकूंचा पासवर्ड मात्र अक्षरशः बरोबर होता. नोंद पुसून, नव्याने घालूनही टीव्ही जोडला गेला नाही. म्हणजे गोष्ट पासवर्डापलीकडची होती.

राउटरचं पान उघडलं. घराच्या वाय-फायवर असलेल्या लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये `192.168.1.1` असं टाकलं की बहुतेक राउटरचं हे पान येतं. आत शिरण्याचं नाव आणि पासवर्ड राउटरच्या पाठीवरच्या चिकटपट्टीवर छापलेला असतो. आत ‘वायरलेस’ विभागात ‘सिक्युरिटी’समोर लिहिलं होतं: `WPA3-Personal`. टीव्ही अडला होता तो इथे.

WPA3 ही पद्धत २०१८ मध्ये आली आणि जुलै २०२० पासून वाय-फायचं प्रमाणपत्र मिळवणाऱ्या नव्या उपकरणांना ती सक्तीची झाली. काकांचा टीव्ही २०१७ चा. त्याच्या वाय-फाय चिपला आणि प्रणालीला ही भाषा कधी शिकवलीच गेली नव्हती. तिच्यात किल्ली जुळवण्याची रीतच वेगळी आहे. त्यामुळे पासवर्ड कितीही बरोबर असला तरी बोलणी पहिल्याच वाक्याला थांबतात. काही टीव्ही असं नेटवर्क यादीत फिकट दाखवतात, काही दाखवतच नाहीत, आणि काही सरळ पासवर्डावर ढकलून मोकळे होतात. फोनांनी मात्र काही कुरकुर केली नव्हती, कारण घरातले सगळे फोन गेल्या तीन-चार वर्षांतले होते. नाव तेच आणि पासवर्ड तोच दिसल्यावर ते WPA2 ची जुनी नोंद गुपचूप WPA3 वर नेऊन जोडले गेले. कुलूप बदललंय हे कोणाला कळलंही नाही.

असंच असेल का, हे राउटरला हात न लावताही कळतं. एका अँड्रॉइड फोनचा हॉटस्पॉट चालू करायचा आणि त्याच्या सेटिंगमध्ये सुरक्षा `WPA2-Personal` अशी निवडायची. बँड निवडता येत असेल तर २.४ गिगाहर्ट्झ ठेवायचा. आयफोन असेल तर हॉटस्पॉटमध्ये ‘मॅक्सिमाइझ कंपॅटिबिलिटी’ चालू करायचं, म्हणजे तोही २.४ वर येतो. टीव्ही या हॉटस्पॉटला जोडला गेला तर त्याचा रेडिओ ठणठणीत आहे आणि बोर्ड बदलण्याचा प्रश्न मिटला. काकांचा टीव्ही दहा सेकंदांत जोडला गेला. दुरुस्तीवाल्याला बोलावण्याआधी ही एवढी एक चाचणी केली तरी पुष्कळ पैसे वाचतील.

राउटरवर आता काय निवडायचं? यादीत सहसा `WPA2/WPA3` अशी मिश्र पद्धत असते. नवी उपकरणं WPA3 ने आणि जुनी WPA2 ने येतील, असा तिचा हेतू. आधी तीच करून पाहावी. पण काही जुने टीव्ही या मिश्र जाहिरातीनेही गोंधळतात. राउटर दोन्ही पद्धती एकाच वेळी पुकारत असतो आणि त्यातला अनोळखी भाग पाहून टीव्ही मागे सरतो. काकांचा टीव्ही त्याच जातीचा निघाला. मग शुद्ध `WPA2-PSK` आणि त्यासोबत `AES` हा पर्याय उरतो. यादीत `TKIP` हा जुना पर्याय दिसला तर तो घेऊ नये. त्याने सुरक्षाही ढिली होते आणि वेगही जुन्या काळातल्या ५४ मेगाबिटपर्यंत खाली येतो. `WEP` किंवा पासवर्डाशिवाय उघडं नेटवर्क ठेवणं तर नकोच.

WPA2 वर परत येण्याची थोडी किंमत असते, ती सांगायला हवी. या पद्धतीत कोणी जिन्यात बसून टीव्ही आणि राउटरची ती मोहोरांची देवाणघेवाण टिपून घेतली, तर घरी नेऊन तो निवांतपणे लाखो पासवर्ड लावून पाहू शकतो. WPA3 ने ही वाट बंद केली. म्हणून WPA2 ठेवायचं तर पासवर्ड आठ अक्षरांचा आणि मोबाइल नंबराचा नसावा. चार-पाच असंबद्ध शब्द जोडून केलेला, वीसेक अक्षरांचा असावा. मर्यादा ६३ अक्षरांची आहे, तेव्हा जागेची टंचाई नाही. रिमोटने तेवढी अक्षरं घालणं कंटाळवाणं आहे, पण ते एकदाच करायचं असतं.

सगळ्या घराची सुरक्षा एका टीव्हीसाठी उतरवायची नसेल, तर राउटरवर दुसऱ्या नावाचं वेगळं नेटवर्क काढता येतं. आम्ही `GHAR_TV` असं काढलं: २.४ गिगाहर्ट्झ, WPA2, AES. नाव नवं असल्यामुळे टीव्हीकडे त्याची जुनी नोंद असण्याचा प्रश्नच नव्हता. यात एक खाच आहे. हे नेटवर्क राउटरच्या ‘गेस्ट’ विभागात काढलं, तर बहुतेक राउटर पाहुण्यांना घरातल्या इतर उपकरणांपासून तोडून ठेवतात. मग टीव्हीवर नेट चालतं, पण फोनवरचा फोटो किंवा व्हिडिओ टीव्हीवर पाठवायला गेलं की फोनला टीव्ही दिसतच नाही. गेस्ट नेटवर्कमध्ये ‘आयसोलेशन’ नावाची खूण असेल तर ती काढावी. ती सोय नसेल तर मुख्य नेटवर्कचा २.४ चा भागच WPA2 वर ठेवावा.

टीव्ही जोडला गेला. काका खूश झाले. आणि मग पडद्यावर आलं: ‘वाय-फाय जोडले आहे, इंटरनेट उपलब्ध नाही.’

हे वाक्य आधीच्या वाक्यापेक्षा खूप चांगलं आहे, कारण ते प्रामाणिक आहे. पासवर्ड आणि सुरक्षा यांची परीक्षा टीव्ही पास झाला, आता अडचण त्यापुढची आहे. बहुतेक टीव्हींच्या ‘नेटवर्क स्टेटस’मध्ये टीव्ही, राउटर आणि इंटरनेट अशी तीन चित्रं रेघेने जोडलेली दिसतात आणि जिथे अडलं तिथे फुली असते. टीव्ही आणि राउटरच्या मध्ये फुली असेल तर वरच्या गोष्टी पुन्हा पाहायच्या. राउटर आणि इंटरनेटच्या मध्ये असेल तर ‘आयपी सेटिंग’ उघडायचं. तिथे टीव्हीचा पत्ता `192.168` ने सुरू होत असेल तर राउटरने त्याला सहसा व्यवस्थित नंबर दिलेला आहे. तो `169.254` ने सुरू होत असेल तर राउटरकडून नंबरच मिळालेला नाही आणि टीव्हीने स्वतःच मनाने एक घेतलाय. अशा वेळी राउटर आणि टीव्ही दोन्ही बंद करून पुन्हा चालू करावेत.

काकांच्या टीव्हीचा पत्ता नीट होता. त्याच्या खाली डीएनएससमोर ‘स्वयंचलित’ऐवजी हाताने घातलेला एक आकडा होता. हा कोणी घातला? काका-काकूंना आठवेना. पूर्वी कधीतरी नेट मंद झालं तेव्हा जुन्या केबलवाल्याच्या माणसाने येऊन “सेटिंग केलं” होतं, एवढंच आठवलं. त्याच सेटिंगचा तो अवशेष. वाय-फायचं नाव पुसलं तरी काही टीव्हींमध्ये हे पान तसंच राहतं.

यंत्रं एकमेकांना नावाने ओळखत नाहीत, आकड्याने ओळखतात. टीव्हीला यूट्यूब उघडायचं असेल तर आधी `youtube.com` या नावामागचा आकडा कोणाला तरी विचारावा लागतो. तो सांगणाऱ्या संगणकाला डीएनएस सर्व्हर म्हणतात. प्रत्येक इंटरनेट कंपनीचे असे सर्व्हर असतात आणि ते सहसा आपल्याच ग्राहकांना उत्तर देतात. काका आता त्या केबलवाल्याचे ग्राहक नव्हते. टीव्ही मात्र दर वेळी त्याच्याच सर्व्हरला विचारत होता आणि तिकडून उत्तर येत नव्हतं. रस्ता मोकळा होता, पण जायचं कुठे हे सांगणारं कोणी नव्हतं. फोन आणि लॅपटॉप डीएनएसचा आकडा राउटरकडून आपोआप घेतात, त्यामुळे त्यांना याची झळ लागली नाही.

लॅपटॉपवर हे स्पष्ट दिसतं. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये दोन ओळी पुरतात. पहिलीत टीव्हीवर सापडलेला आकडा टाकायचा (इथे उदाहरणासाठी एक आकडा दिला आहे), दुसरीत सर्वांसाठी खुला असलेला:

```
nslookup youtube.com 203.0.113.53
nslookup youtube.com 1.1.1.1
```

पहिलीला ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ आलं किंवा नकार आला आणि दुसरीला लगेच पत्ते आले, तर दोष त्या आकड्यातच आहे. आम्ही टीव्हीवर डीएनएस ‘स्वयंचलित’ केलं आणि यूट्यूब उघडलं. स्वयंचलित करूनही नाही चालला, तर हाताने `1.1.1.1` किंवा `8.8.8.8` घालून पाहावं. पहिला क्लाउडफ्लेअरचा, २०१८ पासूनचा. दुसरा गूगलचा, २००९ पासूनचा. हे घातल्यावरच चालू लागलं, तर समजावं की आपल्या इंटरनेट कंपनीचा सर्व्हर आळसावलाय. मग तो आकडा टीव्हीपेक्षा राउटरमध्ये घालणं बरं, म्हणजे पुढे कधी कोणाला आठवत बसावं लागणार नाही. अँड्रॉइड टीव्हीवर डीएनएस बदलण्यासाठी ‘स्टॅटिक’ निवडावं लागतं आणि मग आयपी, गेटवे सगळंच हाताने भरावं लागतं. त्यात एक आकडा चुकला तर नवंच दुखणं मागे लागतं. तिथे तर राउटरमध्येच बदल करावा.

डीएनएसही बरोबर आहे आणि ॲप तरी उघडत नाहीत, असं झालं तर टीव्हीचं घड्याळ बघा. बरेच दिवस प्लग काढून ठेवलेला टीव्ही कधीकधी काही वर्षं मागची तारीख धरून बसतो. सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रं ठरावीक तारखांपुरती वैध असतात. टीव्हीच्या लेखी ती अजून सुरूच झालेली नसतात, म्हणून तो ती नाकारतो. तारीख हाताने बरोबर केली की काम होतं.

‘फोनला तर चालतं’ हा पुरावा मुळात कच्चा आहे. वाय-फायला जोडलेला फोन त्या वाय-फायवर नेट नाही असं दिसलं की कित्येकदा न सांगता मोबाइल डेटावर सरकतो. वर वाय-फायची खूण दिसत राहते, व्हिडिओ चालतो आणि डेटा मात्र सिमचा जातो. टीव्हीत सिम नसतं. त्यामुळे राउटरचं नेट खरोखर बंद पडलं तरी घरात ‘फोन चालतो, टीव्ही चालत नाही’ असंच चित्र दिसतं. तुलना करायची तर फोनचा मोबाइल डेटा बंद करून करा. अँड्रॉइडवर ‘प्रायव्हेट डीएनएस’ चालू असेल तर तेही तात्पुरतं बंद करा, कारण त्यात कोणाचं नाव भरलेलं असेल तर फोन राउटरने दिलेल्या डीएनएसऐवजी त्यालाच विचारत असतो. एवढं करूनही फोन चालला, तरच दोष टीव्हीच्या बाजूला आहे असं म्हणता येईल.

हे सगळं करून थकलात आणि राउटर टीव्हीच्या जवळपास असेल, तर सरळ लॅनची तार जोडा. तारेला पासवर्ड लागत नाही, सुरक्षेची पद्धतही लागत नाही. पुष्कळ टीव्हींचं लॅन पोर्ट १०० मेगाबिटचं असतं आणि 4K चित्रपटालाही त्याच्या पाव हिश्शापेक्षा फारसं जास्त लागत नाही. डीएनएसचा घोळ मात्र तारेनेही सुटत नाही. तो आकडा पाहावाच लागतो.

आणि पुढच्या वेळी नवी जोडणी द्यायला कोणी आलं, तर त्याला तुमच्या फोनवर नेट दाखवू देऊ नका. टीव्ही लावा, त्यावर एक व्हिडिओ सुरू करून दाखवायला सांगा, आणि मगच सही करा.